तुम्ही विचारलंत म्हणून: चिकटवलेलं म्हातारपण

"सिनेमात तरुण नटाला म्हातारा केलेला असला की तुम्हाला लगेच कळतं. नेमकं बघता तरी कुठे?"

बहुतेक लोक सुरकुत्या बघतात. मी आधी डोकं बघते. खांद्यांच्या मानाने ते मोठं वाटतंय का, मान आखूड झाल्यासारखी दिसतेय का, एवढंच. वय माणसाचं बरंच काही काढून घेतं आणि आम्हा मेकअपवाल्यांना मात्र फक्त भर घालता येते. कानशिलं आत जातात, ओठ पातळ होतात, डोळे खोबणीत सरकतात, गालातली चरबी कमी होते आणि उरलेली खाली उतरते. यातलं काहीही सिलिकॉन चिकटवून 'कमी' करता येत नाही. मग आम्ही शेतकऱ्यासारखं करतो. खड्डा खणता येत नसेल तर भोवती बांध घालायचा. कानशील खोल दाखवायचं म्हणजे भुवईचं हाड आणि गालाचं हाड किंचित उचलायचं, की मधली जागा आपोआप खोल दिसते. पण प्रत्येक बांध काही मिलिमीटरचा असतो आणि तो दोन्ही बाजूंना असतो. त्यावर टक्कल दाखवायचं असेल तर नटाचे स्वतःचे केस टोपीखाली दाबलेले असतात, म्हणजे डोक्यालाही जाडी आली. शेवटी सत्तरीचा म्हातारा तयार होतो, पण त्याचं डोकं तिशीतल्या त्याच्याच डोक्यापेक्षा मोठं असतं.

म्हणूनच नट मुळात हाडकुळा असला की निम्मं काम झालेलं असतं. 'द एक्झॉर्सिस्ट' (1973) मधल्या वृद्ध धर्मगुरूचं उदाहरण आमच्यात नेहमी दिलं जातं. तेव्हा मॅक्स फॉन सिडो चाळिशीच्या मध्यावर होते आणि मेकअप कलाकार डिक स्मिथ यांनी त्यांना सत्तरीपार नेलं. ते खरंच तेवढे वयस्कर आहेत असं अनेकांना वाटलं होतं. स्मिथ यांच्या हाताला तोड नव्हतीच, पण तो लांबट, हाडं दिसणारा चेहराही त्यांच्या बाजूने होता असं माझं मत. गुबगुबीत गालांच्या नटाला जाडजूड म्हातारा करता येतो, वाळलेला म्हातारा करता येत नाही. हे दिग्दर्शकाला पटवून देण्यात माझा बराच वेळ जातो.

आता मी स्वतः घातलेला एक घोळ सांगते, कारण कुठे बघायचं ते मला त्यातूनच नीट कळलं.

अडतिशीतला नट होता आणि भूमिका पंचाहत्तरीची. पहिलं काम म्हणजे चेहऱ्याचा साचा. दाताच्या डॉक्टरांकडे ठसा घ्यायला वापरतात ते अल्जिनेट किंवा त्वचेला चालणारं सिलिकॉन चेहऱ्यावर थापायचं, नाकपुड्या मोकळ्या ठेवायच्या, वरून प्लास्टरच्या पट्ट्यांचं कवच द्यायचं. ते काढलं की आत चेहऱ्याची उलटी प्रतिमा मिळते. तिच्यात कडक जिप्सम ओतलं की नटाचं डोकं तुमच्या टेबलावर येतं. त्याच्यावर मातीने म्हातारपण घडवायचं. माझ्या नटाला मान ताठ ठेवून बसणं जड जात होतं, म्हणून मी त्याला खुर्चीत बराच मागे रेलू दिलं. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

मातीकाम झालं की त्याचे तुकडे पाडतात: कपाळ, डोळ्यांखालच्या पिशव्या, दोन गाल, हनुवटी, गळा. पूर्वी अख्खा चेहरा एकसंध मुखवट्यासारखा करायचे. एकमेकांवर किंचित चढणाऱ्या तुकड्यांची पद्धत रुळवण्यात स्मिथ यांचा मोठा वाटा. तुकडे असले की गाल हलला तरी कपाळाला ओढ बसत नाही. प्रत्येक तुकड्याचा वेगळा साचा होतो. त्या साच्यात आधी पातळ प्लास्टिकचा थर मारतात आणि मग आत सिलिकॉन भरतात. सिलिकॉनच्या दोन घटकांत 'डेडनर' नावाचं द्रव्य मिसळतात. ते जितकं जास्त तितका तुकडा मऊ आणि लिबलिबीत. गालासाठी मी दोन्ही घटकांच्या एकत्रित वजनाइतकं डेडनर घालते, कपाळासाठी बरंच कमी, कारण कपाळावर मांस फारसं नसतंच. इथे एक सापळा आहे. प्लॅटिनम सिलिकॉनला गंधकाचं वावडं असतं. गंधक असलेली माती वापरली, किंवा नुसते लॅटेक्सचे हातमोजे घालून हाताळलं, तरी ते आळत नाही. सकाळी साचा उघडावा तर आत चिकट काला.

माझे तुकडे छान निघाले. चाचणीच्या दिवशी साडेतीन तास लागले. मध्यभागी गोंद लावून तुकडा बसवायचा, मग बाहेरच्या दिशेने थोडं थोडं चिकटवत जायचं. कडेला जो प्लास्टिकचा पातळ पापुद्रा सुटलेला असतो तो ॲसिटोनमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने विरघळवायचा, की कड त्वचेत मिसळून जाते. डोळ्यांजवळ ॲसिटोन नको, म्हणून तिथल्या तुकड्यांना अल्कोहोलमध्ये विरघळणारं प्लास्टिक वापरतात. रंग एका हाताने फासत नाहीत. आधी लालसर, मग निळसर, मग तपकिरी, असे ठिपके शिंपडत जातात, कारण खरी त्वचा कुठेच एका रंगाची नसते. वरच्या पापण्यांवर आणि हातांच्या पाठीवर मी तुकडे लावलेच नाहीत. तिथे जुनी युक्ती चालते. त्वचा ताणून धरायची, पातळ लॅटेक्स स्पंजने टिपायचं, वाळवायचं, पावडर मारायची आणि सोडून द्यायचं. त्वचा आकसते आणि बारीक सुरकुत्या पडतात. त्या नटाच्याच त्वचेच्या असल्यामुळे हलतातही खऱ्यासारख्या.

आरशात सगळं उत्तम. मग कोणीतरी विनोद केला आणि नट हसला.

गालावर एकाऐवजी दोन घड्या पडल्या. नाकपुडीपासून ओठांच्या कोपऱ्याकडे येणारी जी रेघ असते, ती मी घडवली होती एका जागी आणि नटाची स्वतःची पडत होती अर्ध्या सेंटिमीटरवर, आतल्या बाजूला. मी घडवलेली घडी जागच्या जागी गप्प, आणि तिच्या शेजारी सिलिकॉन आतून वर ढकललं जाऊन फुगलेलं. कारण शोधायला मला दोन दिवस लागले. मागे रेलल्यावर माणसाचे गाल कानांच्या दिशेने ओघळतात. माझा साचा मागे रेललेल्या चेहऱ्याचा होता आणि काम उभ्या चेहऱ्याचं. म्हणून साचा माणसाला ताठ बसवूनच घ्यायचा असतो. तरीही अल्जिनेटच्या वजनाने गाल थोडे खाली खेचले जातातच, त्याचा हिशेब मातीकामात धरावा लागतो. गालांचे दोन्ही तुकडे मी पुन्हा केले. या वेळी नटाला हसवून त्याची घडी जिप्समच्या डोक्यावर पेन्सिलने आखून घेतली आणि बरोबर त्या रेषेवर तुकडा सर्वांत पातळ ठेवला.

तर आता तुमचं उत्तर. पात्र शांत बसलेलं असताना काही शोधू नका, तेव्हा आम्ही जिंकलेलो असतो. ते हसेल, जांभई देईल, घास चावेल, तेव्हा तोंडाच्या कोपऱ्यांकडे बघा. घडी तिच्या ठरलेल्या जागी मोडतेय, की तिच्या शेजारी दुसरीच उगवतेय? वरचा ओठही बघण्यासारखा. वयाबरोबर तो लांबतो आणि पातळ होतो. आम्हाला ओठ पातळ करता येत नाही, म्हणून भोवती भर घालून आणि रंगाने त्याची कड खाऊन आम्ही तसं भासवतो. नट 'प', 'ब', 'म' म्हणतो तेव्हा आतला भरदार ओठ क्षणभर डोकावतो.

कडा शोधत बसू नका. क्लोजअपमधली उचकटलेली कड हल्ली संगणकावर पुसून टाकतात. रंग मात्र सहसा कोणी पुसत नाही. पात्र रागावलं, ठसका लागला किंवा धावत आलं, की खऱ्या माणसाचा सगळा चेहरा लालबुंद होतो. इथे डोळे आणि तुकड्यांबाहेरचा कान लाल होतात आणि कपाळ मात्र मख्ख, कारण सिलिकॉनमध्ये रक्त नाही. घामाचंही तसंच. सिलिकॉनला घाम येत नाही, खालच्या त्वचेला येतो आणि तो बाहेर पडू शकत नाही. दुपारनंतर हनुवटीखाली किंवा भुवईवर पाण्याचा फुगा धरतो. आम्ही दोन शॉटच्या मध्ये सुईने बारीक भोक पाडून तो काढतो आणि भोक बुजवतो. एखाद्या प्रसंगात म्हाताऱ्याची हनुवटी आधीच्या शॉटपेक्षा जड दिसली, तर ते चित्रीकरण संध्याकाळकडे झालं असावं असं मी खुशाल समजते.

आणि कान. म्हाताऱ्या माणसाच्या कानाच्या पाळ्या लोंबतात, हे कित्येक मेकअपवाले विसरतात. सत्तरीच्या चेहऱ्याला तिशीचे गोंडस कान लटकलेले मी कितीदा पाहिले आहेत. ज्याने पाळ्या लावल्या असतील त्यालाही मागून येणारा उजेड पकडतो. खरी पाळी उजेडात लाल चमकते, आमची मेणासारखी.

मात्र या सवयीचा भरवसा तुम्ही माझ्याइतका धरू नका. परवा एका सिनेमात एक म्हातारा दिसला, दोन-तीन प्रसंगांपुरता. पापण्या अप्रतिम, गळ्याची कातडी बोलताना अशी लवलवत होती की मी दोनदा मागे जाऊन पाहिलं. दुहेरी घडी सापडेना, कानाची पाळी उजेडात लालच. हे कोणी केलं म्हणून शेवटच्या श्रेयनामावलीत शोधलं, मग ओळखीच्या एकाला फोन लावला. तो हसायलाच लागला. म्हणाला, "अगं, त्यांचं वय ब्याऐंशी आहे."