आमची वाटचाल : बिल्डरच्या पीपीटीपासून दोन पानी यादीपर्यंत

2013 मध्ये मुलुंडला एका गाळ्याच्या अर्ध्या भागात मी आणि माझी वहिनी, आम्ही दोघींनी काम सुरू केलं तेव्हा सोसायट्यांचे ठराव टाइप करणं, मीटिंगचं मिनिट्स लिहिणं, कन्व्हेयन्सच्या फाइली लावणं एवढंच होतं. पुढे आजूबाजूच्या जुन्या बिल्डिंगा रिडेव्हलपमेंटला जायला लागल्या आणि आमच्याच ओळखीचे सेक्रेटरी विचारायला लागले की ताई, बिल्डरच्या वकिलाने हॉलमध्ये पीपीटी दाखवली, सगळ्यांनी माना डोलावल्या, पण नक्की कोणी काय करायचंय आणि कधीपर्यंत ते एका कागदावर मराठीत देता का?

पहिल्या कामात आमची चूक झाली, तीच आधी सांगते. आम्ही फक्त पीपीटी घेऊन यादी बनवली. पीपीटीत होतं की प्लॅनवर हरकत घ्यायला सोसायटीला 30 दिवस. पण ती पीपीटी कराराच्या आधीच्या मसुद्यावरून केलेली होती, नंतरच्या मसुद्यात ते 15 दिवस झाले होते आणि 15 दिवसांत लेखी काही आलं नाही तर प्लॅन मान्य समजायचा असंही लिहिलं होतं. सेक्रेटरींनी आमच्या कागदावर विश्वास ठेवला, हरकत विसाव्या दिवशी गेली, बिल्डरने परत पाठवली. एका विंगच्या जिन्याची जागा बदलून हवी होती, ती राहूनच गेली. मी स्वतः कमिटीसमोर जाऊन चूक मान्य केली, फी परत दिली.

तेव्हापासून आमच्याकडे एक नियम पक्का आहे, पीपीटी म्हणजे रस्ता दाखवायला, खरं ते करारातच. पीपीटी हातात आली की पहिल्या पानावर तिची तारीख आणि मसुद्याचीही तारीख लिहायची, मग प्रत्येक स्लाईडसमोर कलम नंबर शोधून टाकायचा. ज्या स्लाईडला कलम सापडत नाही ती वेगळी काढायची आणि जे कलम कुठल्याच स्लाईडवर नाही तेही वेगळं काढायचं. हा दुसरा ढीग जास्त महत्त्वाचा, कारण पीपीटीत बिल्डर काय देणार ते मोठ्या अक्षरात असतं, मेंबरने काय करायचं ते बहुतेक वेळा नसतंच.

दोन वर्षांपूर्वी 24 फ्लॅटच्या एका सोसायटीचं काम आलं, त्यात हे सगळं नीट दिसलं. 38 स्लाईड, त्यातल्या 5-6 वर नुसती नव्या टॉवरची चित्रं. मसुदा 61 पानी. करारात वाक्यं अशी असतात की ताबा दिला जाईल, भाडं अदा करण्यात येईल, म्हणजे देणारा कोण ते वाक्यात नाहीच. यादी करताना आम्ही प्रत्येक वाक्याला कर्ता लावतो, बिल्डर, सोसायटी (म्हणजे कमिटी) किंवा प्रत्येक मेंबर. कर्ता तीनपैकी एकही बसेना झाला की समजायचं की इथे पुढे भांडण आहे आणि तो प्रश्न सोसायटीच्या वकिलांकडे लेखी द्यायचा. आम्ही वकील नाही, अर्थ आमच्या मनाने लावायचा नाही. तसंच मुदतीचं, मसुद्यात शक्य तितक्या लवकर असं असेल तर आम्ही आकडा घालत नाही, मुदत लिहिलेली नाही असं सरळ लिहितो.

मेंबरच्या बाजूला काय काय निघालं बघा. होम लोन असेल तर बँकेची एनओसी नोंदणीनंतर 30 दिवसांत आणून देणं, जागा खाली करायच्या आधी स्वतःच्या नव्या फ्लॅटचा करार सही करणं, विजेचं बिल भरून मीटर सरेंडर करणं, आणि आयओडी, म्हणजे नव्या प्लॅनला महापालिकेची पहिली मंजुरी, आल्यावर नोटीस मिळाली की 45 दिवसांत घर खाली करणं. पहिल्या तीन गोष्टी पीपीटीत नव्हत्याच. हॉलमध्ये वाचल्यावर कळलं की सात जणांची लोनं चालू आहेत, त्यातल्या दोघांची बँक गावाकडची, त्यांना आधीपासून धावपळ करावी लागली.

पण खरा पेच नवं घर द्यायच्या 36 महिन्यांच्या मुदतीचा होता. स्लाईडवर फक्त 36 महिने, सगळ्यांनी धरलं आपण घर सोडू त्या दिवसापासून. मसुद्यात होतं की सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करायची परवानगी, मिळाल्याची तारीख किंवा शेवटच्या मेंबरने जागा खाली केल्याची तारीख, यात जी नंतरची तिथून 36 महिने आणि वर 6 महिने ग्रेस. मी फळ्यावर मांडून दाखवलं. समजा 10 मार्च 2024 ला नोटीस आली तर 45 दिवस 24 एप्रिलला संपतात. तुम्ही वेळेत निघालात, पण एक जण 30 जूनला निघाला आणि सीसी 12 जुलैला आली. मग तुम्ही मनात धरलं होतं 24 एप्रिल 2027, कराराप्रमाणे बिल्डरकडे मात्र 12 जानेवारी 2028 पर्यंत वेळ आहे, जवळजवळ नऊ महिन्यांचा फरक. हॉलमध्ये एकदम शांतता झाली. मग मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं की या जास्तीच्या महिन्यांचं भाडं कोण देणार, आणि तिथेच सगळ्यात मोठी गोष्ट उघडी पडली की मसुद्यात भाडं 36 महिन्यांचंच होतं, ग्रेसच्या 6 महिन्यांबद्दल एक अक्षर नव्हतं.

वकिलांनी ते दोन मुद्दे उचलले. मुदत सीसीपासूनच धरायची, शेवटच्या मेंबरची अट काढून टाकायची, आणि भाडं ओसी, म्हणजे नव्या बिल्डिंगमध्ये राहायला जायची परवानगी, येऊन चावी हातात पडेपर्यंत चालू राहायचं, असं ठरलं. ग्रेस तशीच राहिली, ती बिल्डरने सोडली नाही. हे बदल सही व्हायच्या आधी झाले म्हणून झाले, करार नोंदला गेल्यावर आमच्या यादीचा उपयोग फक्त लक्षात ठेवायला, कारण कायद्यापुढे करारच चालतो, आमचा कागद नाही.

यादीची मांडणीही त्या कामात बदलली. आधी आम्ही सरळ तारखा टाकायचो, पण करार करताना तारखा माहीतच नसतात, सगळं कुठल्यातरी घटनेपासून मोजायचं असतं. म्हणून आता पानाच्या वर पाच रिकामे चौकोन असतात, करार नोंदणी, आयओडी, जागा खाली, सीसी, ओसी. घटना घडली की सेक्रेटरी पेनने तारीख लिहितात आणि खालच्या ओळींत त्या चौकोनापासून किती दिवस ते असतं. एका ओळीत एकच काम, एकच क्रियापद, शेवटी कलम नंबर. उदाहरणार्थ, बिल्डरने पहिले 11 महिन्यांचे भाड्याचे चेक द्यायचे, जागा खाली करायच्या दिवशी. पुढच्या 11 महिन्यांचे, आधीचे संपायच्या एक महिना आधी. न दिल्यास काय, तेही त्याच ओळीखाली, आणि करारात काही नसेल तर तसंच लिहायचं.

एका सोसायटीला आम्हाला साधारण आठ दिवस लागतात. चार दिवस नुसतं कलमं जुळवण्यात जातात, मग वहिनी मोठ्याने वाचते आणि मी फक्त ऐकते, ऐकून एखादी ओळ कळली नाही तर ती परत लिहायची. वाचून झालं की सोसायटीच्या वकिलांची सही घेतो, त्याशिवाय कागद बाहेर जात नाही.

त्या 24 फ्लॅटच्या बिल्डिंगचे चार चौकोन भरलेत. सीसीचा मागच्या दिवाळीत भरला, ओसीचा अजून रिकामा आहे. भाड्याच्या चेकचा तिसरा हप्ता कधी मागायचा ते सेक्रेटरींनी स्वतःच कॅलेंडरवर गोल करून ठेवलंय.