दोनदा दिसलेला माणूस

फोटो स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत आम्हा परीक्षकांपुढे दोन फोटो उरले होते आणि दोन्हींबाबत माझा पहिला अंदाज सपशेल चुकला.

पहिला होता समुद्रकिनाऱ्याचा पॅनोरमा. त्यात लाल जर्सीतला एकच माणूस दोन ठिकाणी दिसत होता. "चिकटवलाय," शेजारचे परीक्षक म्हणाले. मलाही तसंच वाटलं. नियमाप्रमाणे कॅमेऱ्यातल्या मूळ, संस्कार न केलेल्या रॉ फायली मागवल्या. डावीकडून उजवीकडे टिपलेल्या सात फ्रेम होत्या, एकेकीत तीन सेकंदांचं अंतर. माणूस कॅमेरा वळत होता त्याच दिशेला चालला होता. तिसरी आणि चौथी फ्रेम जिथे जोडली, त्या सांध्याच्या तो तिसरीत डावीकडे होता, चौथीत सांधा ओलांडून उजवीकडे गेला होता. सॉफ्टवेअरने सांध्याच्या दोन्ही बाजू जशाच्या तशा घेतल्या, म्हणून तो दोनदा उमटला. दोन्ही सावल्यांची लांबी आणि तिरपेपणाही जुळत होता. गंमत म्हणजे एक आकृती पुसून टाकली असती, तर आम्हाला शंकाही आली नसती.

दुसरा फोटो बघताक्षणी आवडला होता. तळं, आकाशात पाच विजा आणि नांगरलेल्या होडीत उभा कोळी. खाली लिहिलेलं: '३० सेकंदांचं एकच एक्स्पोजर', म्हणजे शटर सलग तेवढा वेळ उघडं. ढगांच्या फटीतल्या चांदण्यांच्या रेघा मोजून पाहिल्या. आकाश तासाला सुमारे १५ अंश सरकतं, म्हणजे ३० सेकंदांत एक अष्टमांश अंश. चांदण्यांच्या रेघा तेवढ्याच आखूड होत्या. म्हणजे निदान आकाश तरी खरं, असं म्हणून मी जवळजवळ गुण देऊन टाकले होते.

मग होडीकडे लक्ष गेलं. अंधारात वीज फ्लॅशसारखं काम करते. पाच विजा म्हणजे पाच फ्लॅश, आणि नांगरलेली होडीही पाण्यावर डुलतेच. कोळ्याच्या कडा दुहेरी-तिहेरी, निदान थोड्या पसरट हव्या होत्या. त्या मात्र सुरीने कापल्यासारख्या होत्या. शिवाय त्याच्या चेहऱ्यावर मऊ, सावलीविरहित उजेड होता. पाठीमागे एवढी वीज असताना?

रॉ आल्या. विजांच्या पाच वेगवेगळ्या फ्रेम, ४० मिनिटांत काढलेल्या, ट्रायपॉड न हलवता. चांदण्या त्यातल्या एकीच्याच होत्या, बाकीच्यांमधून फक्त विजा उचललेल्या. पाचही फ्रेममध्ये होडी रिकामी. कोळी सहाव्या फ्रेममधला, त्याच संध्याकाळी उजेड असतानाचा.

पाच विजा एकत्र रचणं मला खोटं वाटत नाही. ट्रायपॉडसमोर त्या ४० मिनिटांत त्या पडल्याच होत्या. 'पाच फ्रेमचं स्टॅकिंग' एवढं लिहिलं असतं, तर मी त्या फोटोग्राफरच्या बाजूने भांडलो असतो. पण विजांच्या खाली माणूस उभा राहिला, ही घटना घडलीच नव्हती.

खुलासा मागितल्यावर फोटोग्राफरचं उत्तर आलं, "सगळ्या फ्रेम मीच काढल्यात ना?" ते खरंच होतं. फोटो बाद केला. लाल जर्सीवाला पॅनोरमा तिसरा आला, आणि त्याच्या खालच्या ओळीत आम्ही 'माणूस एकच आहे' असं लिहायला लावलं.