दुखणं सीन ४२ चं, इलाज सीन ३८ वर

सिनेमाच्या पहिल्या असेंब्लीत, म्हणजे संकलनातल्या पहिल्या कच्च्या जोडणीत, चित्रित झालेलं सगळं असतं. पटकथेच्या क्रमाने सीन एकामागून एक लावायचे, एकही गाळायचा नाही. संगीत नसतं, ध्वनीवर काम झालेलं नसतं. आमची १०४ पानांची पटकथा अशी लावल्यावर २ तास ३८ मिनिटं भरली. पानाला साधारण एक मिनिट हा अंदाज असेंब्लीत असाच कोलमडतो, त्यामुळे आकडा बघून मी घाबरले नव्हते. दिग्दर्शिकेने ती कुठेही न थांबवता, कागद-पेन बाजूला ठेवून, सलग पाहिली. फारसं काही न बोलता ती घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिची नोट आली.

संकलकाला येणाऱ्या नोट्स बहुतेकदा ‘मधला भाग जरा टाइट कर’ अशा असतात. अशी नोट आली की हात आपोआप प्रत्येक शॉटच्या डोक्याकडे आणि शेपटीकडे जातो. सगळीकडून थोडं थोडं कापलं जातं आणि त्यात आधी बळी जातात ते नटांचे पॉज. सिनेमा दहा मिनिटांनी कमी होतो, पण कंटाळा होता तिथेच राहतो. ही नोट वेगळी होती. तिच्यात जागा नेमकी सांगितली होती, तिथे तिला काय वाटलं ते लिहिलं होतं, आणि उपाय माझ्यावर सोडला होता. मी त्यातला सीन ४२ चा भागच इथे देते, कारण दिवसभर मी त्याच्यावरच बसले.

‘५८व्या मिनिटाला माझं लक्ष उडालं. मुलगी बापाला सांगते की घर विकलं. आपल्या सिनेमाचा कणा आहे हा सीन आणि मी तो संपायची वाट बघत होते. सीन लांब आहे म्हणून असं झालं, असं मला वाटत नाही. कात्री लावण्याआधी एवढं बघ, की प्रेक्षकाला हे आधीच कुठे कळतंय का.

‘बापाचा टेक ५ मीच सेटवर पसंत केला होता आणि एकटा बघितला तर तो अजूनही सुंदर आहे. पण इथे तो रडला की सीन ६७ मध्ये त्याच्याकडे द्यायला काही उरत नाही. इथे मला असा बाप हवा ज्याच्या कानावर बातमी आली आहे, पण आत पोचलेली नाही.

‘मुलीचं काम चोख आहे, फक्त वाक्यं एकमेकांना चिकटली आहेत. “मी सही केली” म्हटल्यावर ती थांबली होती. ते थांबणं मला परत दे.’

मी आधी मागे गेले. सीन ३८ मध्ये मुलगी भावाशी फोनवर बोलते आणि घर विकल्याचं त्याला सांगते. म्हणजे सीन ४२ मध्ये ती बापासमोर तोंड उघडते तेव्हा ती काय बोलणार हे प्रेक्षकाला पाठ असतं. चार मिनिटं तो फक्त बाप कधी आपल्या बरोबरीला येतो याची वाट बघतो. सीन ४२ मधून मिनिटभर कापलं असतं तरी हे वाट बघणं गेलं नसतं. मी ३८ उचलून बाजूला ठेवला आणि ४२ मधली एकही फ्रेम न हलवता तो भाग पुन्हा पाहिला. सीन आता ताणलेला वाटत होता, लांबलेला नव्हे.

३८ काढल्याने दुसरंही काही बदललं. सोव्हिएत दिग्दर्शक कुलेशॉव्हच्या प्रयोगाची गोष्ट आम्हा सगळ्यांना माहीत असते: चेहरा तोच, पण शेजारी काय दाखवलं त्यावर प्रेक्षक त्यात भूक वाचतो किंवा शोक. इथे तेच घडत होतं. बातमी प्रेक्षकालाही पहिल्यांदाच कळत असल्यामुळे बापाने काही ‘करून दाखवण्याची’ गरज उरली नाही. प्रेक्षक स्वतःचा धक्का घेऊन त्या चेहऱ्याकडे बघतो. टेक ५ मधलं रडणं आता मला खरोखरच जास्त वाटायला लागलं. गती आणि अभिनय यांचे मुद्दे नोटमध्ये वेगळे लिहिले होते, टाइमलाइनवर ते एकच निघाले.

टेक २ मध्ये बाप रडत नाही. मुलीचं बोलणं ऐकतो, हातातला पेला खाली ठेवायला जातो आणि न ठेवता तसाच धरून राहतो. असेंब्लीत हा टेक मी घेतला नव्हता याची दोन साधी कारणं होती. बाकी सगळ्या टेकमध्ये पेला डाव्या हातात आहे, इथे उजव्या. शिवाय खुर्ची करकरल्यामुळे त्याचं ‘कधी?’ नीट ऐकू येत नाही.

हातांचा प्रश्न आधी सोडवला. दोघं एकत्र दिसतात त्या टू-शॉटमध्ये डावा हात दिसत होता, म्हणून तिथून मुलीच्या क्लोजअपवर गेले आणि बापाकडे परत यायला घाई केली नाही. तेवढ्या वेळात प्रेक्षकाच्या डोळ्यांतून तो हात निघून जातो. पेल्याची जी हालचाल आम्हाला हवीच होती, तिथे उजवा हात दिसू दिला. माझ्या अनुभवात, चेहऱ्यावर खरं काही घडत असेल तर पेल्याकडे कोणी बघत नाही. बघत असेल, तर टेकच चुकीचा निवडलाय. ‘कधी?’ मात्र मी टेक ४ च्या ध्वनीतून घेतलं. त्या क्षणी बापाचा चेहरा अर्धा वळलेला आहे, त्यामुळे ओठ जुळवायला दोन फ्रेम सरकवणं पुरलं.

मग तो पॉज. मूळ टेकमध्ये ‘मी सही केली’ नंतर मुलगी जवळजवळ तीन सेकंद, म्हणजे ७० फ्रेमच्या आसपास, गप्प आहे. असेंब्लीत त्यातल्या २० उरल्या होत्या. सगळ्या परत घातल्या, पण त्या कोणाच्या चेहऱ्यावर घालायच्या? मुलीवर थांबलं तर ती अपराधी वाटते आणि सीन तिच्या माफीचा होतो. बापावर आधीच गेलं, म्हणजे ‘सही केली’ हे शब्द त्याच्या चेहऱ्यावर संपू दिले, तर ती शांतता त्याची होते. दुसरं ठेवलं.

३८ पूर्ण गाळणं दिग्दर्शिकेला जड गेलं. भावाचं काम करणाऱ्या नटाने तिथे फार मनापासून काम केलंय, आणि नवा मालक सोमवारी ताबा घेणार ही माहितीही फक्त त्याच सीनमध्ये होती. पहिल्या गोष्टीवर मी तिला फोनवर स्पष्ट सांगितलं, की तो सीन चांगला आहे आणि त्याच्या चांगलेपणामुळेच ४२ मरतोय. ती बराच वेळ बोलली नाही, मग ‘काढ’ म्हणाली. ताब्याचं वाक्य सीन ४४ मध्ये हलवलं. तिथे मुलगी पाठमोरी जिना उतरते, तिच्यावर फोनमधला भावाचा आवाज येतो, ओठ दिसायचा प्रश्नच नाही. सध्या माझ्याच आवाजात तात्पुरतं घातलंय, त्याचं डबिंग नंतर होईल.

संध्याकाळी मी तिला सीन ३६ ते ४५ असा सलग तुकडा पाठवला. सीन ४२ पूर्वीपेक्षा सहा सेकंदांनी लांब झाला होता, हेही कळवलं. तिचं उत्तर आलं: ‘आता कुठेच लक्ष उडालं नाही. बाप पेला धरून बसतो तिथून थेट ६७ वर जाऊन बघितलं, आता तिथलं रडणं लागतं, पण त्याआधीचं बोलणं नकोसं झालंय. त्याच्यातलं किती लागतं ते उद्या बघू.’