लसीनंतरचा ताप आणि बाटलीवरचा आकडा

मेडिकलवाल्याने आमच्या ह्यांच्या हातात बाळाच्या तापाच्या औषधाची बाटली दिली, "अर्धा चमचा द्या, दर सहा तासांनी" एवढं सांगितलं आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. त्या बाटलीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितेय. ज्यांच्या घरी दीड महिन्याचं बाळ आहे आणि पेंटा लसीची तारीख जवळ आलीय त्यांनी जरूर वाचा.

लसीकरण आमच्या अंगणवाडीत झालं, त्यात सांगण्यासारखं फारसं काही नाही. आशाताई आदल्या दिवशी घरी येऊन सांगून गेल्या होत्या, कार्ड सोबत नेलं होतं. बाळाचं वजन भरलं ४.४ किलो. डाव्या मांडीत पेंटा, उजव्या मांडीत न्यूमोनियाची लस, उजव्या दंडावर पोलिओचं छोटं इंजेक्शन, तोंडात पोलिओचे आणि रोटाचे डोस. नंतर अर्धा तास तिथेच बसायचं असतं. बायका उठून जायला बघतात, पण बसा. क्वचित एखाद्या बाळाला लसीची जोरात रिअॅक्शन येते, ती बहुतेक वेळा याच अर्ध्या तासात दिसते आणि त्यावरची औषधं सिस्टरच्या पेटीत असतात.

त्या दिवशी गर्दी फार होती. सिस्टर म्हणाल्या, "ताप येईल, आला तर पॅरासिटामॉल अर्धा चमचा द्या. माझ्याकडचं संपलंय, मेडिकलमधून घ्या." कार्डावर पुढची तारीख टाकली, मागच्या बाजूला त्यांचा फोन नंबर लिहून दिला आणि पुढचं बाळ घेतलं. मेडिकलमध्ये जाऊन ह्यांनी तेच सांगितलं, "सहा आठवड्यांचं बाळ आहे, अर्धा चमचा सांगितलंय."

सकाळी अकराच्या सुमारास लस झाली होती. संध्याकाळी दिवेलागणीला बाळ किरकिर करायला लागलं. आठ वाजता काखेत थर्मामीटर लावला तर १०१.२. डावी मांडी टणक लागत होती, हात लावला की कळवळून रडायचा. सासूबाईंनी दुपटं आणलं, वर गोधडी घातली. "लस मानवली नाही याला, आता पुढचं इंजेक्शन नको," असं त्यांचं सुरू झालं.

मी बाटली उघडली. १५ मिलीची छोटीशी बाटली, सोबत ड्रॉपर, आणि ड्रॉपरवरच्या खुणा १ मिलीपर्यंतच. अर्धा चमचा म्हणजे अडीच मिली, एवढं मला माहीत होतं. म्हणजे एका वेळेला हा ड्रॉपर अडीचदा भरायचा? आणि सहा वेळात बाटली संपणार? एवढ्याशा जिवासाठी हे काही जुळेना. मी बूच लावलं आणि सिस्टरना फोन केला.

फोन उचलला आणि मी सुरूच झाले, "सिस्टर, ताप एकशे एकच्या वर गेलाय, मांडी सुजलीय, काय करू?"

त्यांनी औषधाचं नावसुद्धा काढलं नाही. "आधी मला सांगा ताई, दूध पितोय का?"

"पितोय. नेहमीपेक्षा थोडं कमी, पण ओढतोय."

"लंगोट ओला होतोय? रडताना आवाज नेहमीचाच आहे की बारीक, कण्हल्यासारखा येतोय? उचलून घेतल्यावर शांत होतो?"

होतोय, नेहमीचाच, होतो.

"अंगावर काय घातलंय?"

मी गोधडीचं सांगितलं. "ती आधी काढा. एक पातळ झबलं ठेवा. आणि कुंची काढून पोट मोकळं करून बघा, श्वास घेताना छातीखाली खळगा पडतोय का. एक मिनिट मोजा, मी थांबते." मी घड्याळ बघून मोजले, ४६ भरले. "त्याच्या वयाला साठपर्यंत चालतात. ठीक आहे. आता औषध कोणतं आणलंय?"

मी नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "नाव नको. नावाखाली बारीक अक्षरात आकडा असेल, तो वाचा."

मोबाइलच्या टॉर्चमध्ये वाचलं. १ मिलीमध्ये १०० मिलिग्रॅम.

फोनवर क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मग त्यांनी विचारलं, "दिलंय का त्याला?"

"नाही. ड्रॉपर बघून शंका आली म्हणून तुम्हाला फोन केला."

"बरं झालं. मी अर्धा चमचा म्हणाले ते सिरपचं. त्यात ५ मिलीमध्ये १२५ मिलिग्रॅम औषध असतं. तुमच्याकडे आहेत ते ड्रॉप्स. लहान बाळांसाठी ते घट्ट बनवतात, म्हणजे थोडंसंच पाजावं लागतं. सिरपच्या चौपट औषध आहे त्यात."

मग त्यांनी माझ्याकडूनच हिशेब करून घेतला. बाळाच्या वजनाला जास्तीत जास्त पंधराने गुणायचं, तेवढे मिलिग्रॅम एका वेळेला. ४.४ गुणिले १५ म्हणजे ६६. सिरपच्या १ मिलीत २५ मिलिग्रॅम येतात, म्हणून अर्धा चमचा म्हणजे साधारण ६२. बरोबर बसतं. ड्रॉप्सच्या १ मिलीत १०० येतात, म्हणून ०.६ मिली, म्हणजे ६०. दोन्हीकडे औषध जवळपास तेवढंच, पण माप कुठे अडीच मिली आणि कुठे अर्ध्याच्या जरा वर! दुकानात सांगितल्याप्रमाणे मी अर्धा चमचा ड्रॉप्स पाजले असते तर एका वेळेला २५० मिलिग्रॅम गेलं असतं.

"त्याने काय होतं?" मी विचारलं.

"एकदा गेलं तर बाळाकडे बघून लगेच काही कळत नाही, तेच वाईट. दर सहा तासांनी दोन दिवस तसंच देत राहिलं तर लिव्हरवर येतं. असं कुणाच्या हातून गेलंच तर बाळ बरं दिसलं तरी बाटली घेऊन दवाखाना गाठायचा."

हे सांगणं मेडिकलवाल्याचं काम होतं. त्याने दिलेलं औषध चुकीचं नव्हतं, इतक्या लहान बाळाला ड्रॉप्सच सोयीचे पडतात. पण सिरपचं माप त्याने ड्रॉप्सला लावून दिलं, आणि तेही ज्याच्या हातात बाटली आहे त्या माणसाने. बाटलीवर आकडा छापलाय तो इतका बारीक की रात्री घाईत कोण वाचणार? आणि अंगणवाडीत सिस्टरनी "अर्धा चमचा" म्हणताना "सिरप" एवढा एक शब्द जोडला असता तरी हे टळलं असतं. मी त्यांना तसं म्हटलंही. त्या म्हणाल्या, "खरं आहे ताई, गर्दीत राहून गेलं." दुकानदाराला सांगायला मी दुसऱ्या दिवशी ह्यांना पाठवलं, तर त्याने "डॉक्टरला विचारून द्यायचं असतं" म्हणून वाटेला लावलं.

असो. ०.६ मिली ड्रॉपरने गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडलं. पुढचा डोस ताप असेल तरच, मध्ये किमान सहा तास आणि दिवसभरात चारपेक्षा जास्त नाही. मांडीवर थंड पाण्यात पिळलेला स्वच्छ फडका ठेवायला सांगितला. चोळायचं नाही, हळद नाही, तेल नाही, शेक नाही. अंग पुसायचं तर कोमट पाण्याने, गार पाण्याने बाळ कुडकुडतं. दूध थोडं थोडं पण वरचेवर पाजायचं. मी विचारलं, पुढच्या वेळी लसीच्या आधीच औषध पाजून आणलं तर? त्या म्हणाल्या, नको, उगाच आधीच देऊ नका, ताप आला तरच.

सासूबाईंच्या समाधानासाठी मी फोन स्पीकरवर टाकला. सिस्टरनी त्यांना सांगितलं, "आजी, यात डांग्या खोकल्याची लस आहे. तिच्यात त्या रोगाचे मारलेले जंतू अख्खेच्या अख्खे असतात, म्हणून शरीर तापतं. लस मानवली नाही असं नाही. पुढची दोन इंजेक्शनं दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला घ्यायचीच. एकावर थांबलात तर अर्धवट राहील." खासगी दवाखान्यात कमी तापाची लस मिळते, तिच्यात त्या जंतूंचे निवडक भागच असतात, पण ती महाग पडते, आम्ही अंगणवाडीतच पुढचे डोस घेतले.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मला फोन ठेवता ठेवता कळलं. मी म्हटलं, "म्हणजे ताप आला की हे ०.६ देत जायचं ना?" त्यावर त्या एकदम कडक झाल्या. "अजिबात नाही. हे फक्त लसीच्या तापासाठी. हा ताप बहुतेक पहिल्या दिवसात येतो आणि दोन दिवसांत उतरतो. दोन दिवसांनंतरही राहिला, किंवा लस नसताना इतक्या लहान बाळाला ताप आला, तर घरी औषध पाजत बसायचं नाही, थेट डॉक्टर. दोन-तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला रक्तात जंतुसंसर्ग झाला तरी वरून नुसता तापच दिसतो." आणि आज रात्रीसुद्धा दूध ओढायचं थांबलं, उठवून उठेना, तीन तास सलग रडत राहिलं, झटका आला, श्वास जोरात चालला किंवा अंग निळंपांढरं पडलं, तर मला फोन करत बसू नका, १०८ बोलवा, असं बजावलं.

तासाभराने ताप ९९.८ झाला. पहाटे पुन्हा थोडा चढला तेव्हा एक डोस दिला, दुसऱ्या रात्रीपर्यंत अंग गार. मांडीतली गाठ मात्र बरेच दिवस हाताला लागायची. ती दुखत नव्हती, लाल नव्हती, हळूहळू विरली. लाल होऊन गरम लागली, वाढत गेली किंवा पू दिसला तर दाखवायचं.

थर्मामीटर आधीच घरात आणून ठेवा, कपाळाला हात लावून काही कळत नाही. वजन दर महिन्याला बदलतं, त्यामुळे मागच्या वेळचं माप पुढच्या डोसला चालत नाही. चौदाव्या आठवड्याला आमचं बाळ ५.८ किलो भरलं, तेव्हा माप ०.८ मिली निघालं, आणि ते मी सिस्टरकडून कार्डावर "ड्रॉप्स" या शब्दासकट लिहून घेतलं.

नऊ महिन्यांच्या गोवर-रुबेलाचं वेगळं आहे, हेही त्यांनीच नंतर सांगितलं. त्याचा ताप त्या रात्री येत नाही, आठवडाभराने येतो, कधी अंगावर बारीक पुरळही उठतं. तोवर लस झाली होती हेच घरात कुणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून डॉक्टरकडे जाताना कार्ड सोबत न्यायचं.