‘यामुळे’ म्हणजे नेमकं कशामुळे? एका अहवालाचे पाच आठवडे

पंप बंद पडल्याच्या घटनेचा चौकशी अहवाल मी लिहिला होता. १८ पानं. नोंदवहीतल्या वेळा जुळवणं, जबाब घेणं, आकृत्या लावणं, सगळं चार दिवसांत उरकलं. मंजुरीला मात्र पाच आठवडे लागले. तीनदा अहवाल परत आला, तिन्ही वेळा एकाच जागी खूण होती आणि शेरा अक्षरशः तोच: ‘४.४ संदर्भ स्पष्ट करावा.’ कोणता संदर्भ, काय अस्पष्ट आहे, काही नाही. आजही तो शेरा आठवला की चीड येते. आणखी चार शब्द लिहिले असते तर माझे तीन आठवडे वाचले असते.

तो मजकूर इथे देतो. ४.३ चा शेवट असा होता: ‘बेअरिंगचे तापमान वाढल्याने संरक्षक रिले कार्यान्वित झाला व मोटर बंद पडली. पाळीवरील कर्मचाऱ्यांनी पंपाचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद केला. त्यानंतर राखीव पंप सुरू करण्यात आला.’ आणि ४.४ ची सुरुवात: ‘यामुळे मुख्य वाहिनीतील दाब कमी झाला.’

मला त्यात काहीच खटकलं नव्हतं. घटना माझ्या डोक्यात पक्की होती, त्यामुळे ‘यामुळे’ वाचलं की मला आपोआप ‘मोटर बंद पडल्यामुळे’ असंच दिसायचं. पहिल्यांदा परत आल्यावर मी ‘यामुळे’ खोडून ‘उपरोक्त बाबीमुळे’ केलं. शब्द भारदस्त झाला, संदर्भ होता तिथेच राहिला. अकरा दिवसांनी तोच शेरा. मग ‘सदर घटनेमुळे’ केलं. वरच्या परिच्छेदात घटना एक नव्हे, चार होत्या: रिले चालला, मोटर थांबली, व्हॉल्व्ह बंद झाला, राखीव पंप लागला. ‘सदर’ यांतल्या एकीकडेही बोट दाखवत नाही. सरकारी छापाची भाषा वापरली की मजकूर नेमका होतो, असा माझा समज होता. तो साफ चुकीचा निघाला.

अहवाल पुन्हा परत आला तेव्हा मी थेट तपासणाऱ्या मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, “तुम्ही ४.३ बाजूला ठेवा आणि मला फक्त शेवटची दोन वाक्यं आठवून ४.४ वाचून दाखवा. मी तर असंच वाचलं, की व्हॉल्व्ह बंद केला म्हणून दाब पडला. म्हणजे चूक पाळीवरच्या लोकांची. तुम्हाला तेच म्हणायचंय का?”

मी गप्पच झालो. ज्या माणसांनी नियमाप्रमाणे काम केलं होतं, त्यांच्यावर माझ्या एका सर्वनामाने ठपका ठेवला होता. व्हॉल्व्ह बंद केला तो राखीव पंपाचं पाणी थांबलेल्या पंपातून उलटं फिरू नये म्हणून. नोंदवही पुन्हा काढली. मोटर थांबली १०.४१ ला. दाब उतरायला लागला १०.४२ ला. व्हॉल्व्ह बंद केला १०.४७ ला, आणि राखीव पंप लागला १०.५२ ला. दाब उतरू लागल्यानंतर पाच मिनिटांनी बंद केलेला व्हॉल्व्ह त्याचं कारण असूच शकत नाही. मग वाक्य असं झालं: ‘मोटर बंद पडल्यामुळे मुख्य वाहिनीतील दाब १०.४२ पासून कमी होऊ लागला.’ वेळ घालायची कल्पना माझीच, आणि तिचा मला अभिमान आहे. कारण कोणतं हे आता वाचणारा स्वतः ताडून पाहू शकतो.

उरलेला अहवाल मी त्याच रात्री पहिल्यापासून तपासला. सगळ्या परिच्छेदांची फक्त पहिली वाक्यं वाचायची, बाकी मजकूर कोऱ्या कागदाने झाकायचा. वाक्य वाचून ‘कोण?’, ‘काय?’ किंवा ‘कशामुळे?’ असा प्रश्न पडला की तिथे दुरुस्ती हवी. अशा नऊ जागा निघाल्या.

सगळ्यात धोक्याची जागा ६.२ मध्ये होती. आधीच्या परिच्छेदात मोटरची स्थिती आणि दोन्ही बेअरिंगांची झीज, दोन्हींबद्दल लिहिलं होतं, आणि ६.२ सुरू होत होता: ‘ती तातडीने बदलणे आवश्यक आहे.’ मोटर स्त्रीलिंगी, म्हणून ‘ती’. बेअरिंग नपुंसकलिंगी, पण अनेकवचनात तीही ‘ती’च. खरेदी विभागाने हे वाक्य वाचून मोटर मागवली असती, तर त्यांना दोष कसा देणार? मराठीत लिंगामुळे संदर्भ आपोआप कळतो, असं आपण धरून चालतो. ते पूर्ण खरं नाही. ‘हे’ एखाद्या नपुंसकलिंगी वस्तूला लागतं, पुल्लिंगी अनेकवचनाला लागतं आणि आख्ख्या आधीच्या वाक्यालाही लागतं. ‘याचा’, ‘यासाठी’, ‘यामुळे’ इथे तर प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागताच ‘हा’ होता की ‘हे’ हे कळेनासं होतं.

दुरुस्ती करताना दरवेळी आख्खी गोष्ट पुन्हा लिहावी लागत नाही. बहुतेक ठिकाणी दर्शक सर्वनामापुढे नाम ठेवलं की भागतं: ‘ही दाबघट’, ‘हा ११ मिनिटांचा खंड’, ‘ही दोन बेअरिंगे’. पण ‘ही बाब’, ‘हा प्रकार’, ‘ही परिस्थिती’ ही नामं नुसती जागा भरतात. उलट टोकाला ‘हा हलगर्जीपणा’ किंवा ‘ही चूक’ लिहिलं, तर चौकशी पूर्ण होण्याआधीच निकाल दिल्यासारखं होतं. मी एका जागी ‘हा विलंब’ लिहिलं होतं. विलंब झाला असं कुठेच सिद्ध केलं नव्हतं, म्हणून ते बदलून ‘ही पाच मिनिटे’ केलं.

एक सांगायचं राहिलं. वर्डमध्ये शोधायचं असेल तर शोधा-चौकटीत हे टाका:

```
^pया
^pत्या
^pहे
```

`^p` म्हणजे आधीचा परिच्छेद जिथे संपतो ती खूण, त्यामुळे फक्त परिच्छेदाच्या सुरुवातीचे शब्द सापडतात. ‘यादी’ आणि ‘हेतू’सुद्धा त्यात येतील, ते सोडून द्यायचे. क्रमांक हाताने टाइप केले असतील तर मात्र शोध चुकतो, कारण परिच्छेद आकड्याने सुरू होतो. माझे ४.३, ४.४ हातानेच टाइप केलेले होते, म्हणून मला कागद झाकूनच बघावं लागलं.

परिच्छेदाच्या आतली सर्वनामं मी फारशी बदलली नाहीत. तिथे आधीचं वाक्य डोळ्यांसमोर असतं, आणि प्रत्येक ओळीत ‘डिलिव्हरी व्हॉल्व्ह’ लिहिला तर वाचणारा कंटाळेल. परिच्छेदाच्या तोंडाची गोष्ट वेगळी, कारण तो परिच्छेद उचलून पत्रात जातो, टिपणीत जातो, कधी मध्ये तक्ता येतो.

आमच्या बाबतीत तेच झालं. अंतिम प्रतीत ४.३ नंतर दाबाचा आलेख घातला आणि ४.४ पुढच्या पानावर एकटा गेला. नवव्या पानाची पहिलीच ओळ आता ‘मोटर बंद पडल्यामुळे’ अशी सुरू होते. त्या प्रतीवर मॅडमनी एकही खूण केली नाही.