मोजली तर ४६च भरली

तो फोन आला तेव्हा मी स्लाइडी ट्रिप्सिनमध्ये बुडवत होते. त्या कामात जागेवरून हलता येत नाही. काही सेकंद कमी पडले तर गुणसूत्रांवर पट्टे उमटत नाहीत आणि जास्त झाले तर ती फुगून पुसट होतात. म्हणून फोन आमच्याकडे दोन महिन्यांपूर्वी शिकायला आलेल्या मुलाने घेतला. पलीकडे बालरोगतज्ज्ञ होते. त्यांनी विचारलं असणार, काही कळलं का? कारण हा सरळ म्हणाला, "सर, २० पेशी मोजल्या. सगळ्यांत ४६ आहेत."

मी हातातली स्लाइड बफरमध्ये टाकली आणि ओरडलेच, "अरे थांब, अजून काही सांगू नकोस!" मग फोन घेतला आणि म्हटलं, "सर, संध्याकाळपर्यंत वेळ द्या."

नमुना होता ११ महिन्यांच्या मुलीचा. चिठ्ठीवर डॉक्टरांनी स्वच्छ लिहिलं होतं: डाऊन सिंड्रोमची लक्षणं, स्नायू सैल, मान उशिरा धरली, दोन्ही तळहातांवर एकच आडवी रेघ. खाली आणखी एक ओळ होती: आई पुन्हा गरोदर, १३ वा आठवडा. हेपरिनच्या हिरव्या झाकणाच्या ट्यूबमधून रक्त आलं होतं. सोमवारी कल्चर लावलं, ७२ तास ३७ अंशांवर ठेवलं आणि गुरुवारी पेशी विभागणीच्या मधोमध थांबवून स्लाइडी केल्या. सगळं नेहमीसारखं झालं होतं.

मुलाचं बोलणं तसं अगदीच चुकीचं नव्हतं. डाऊनच्या शंभरातल्या साधारण ९५ मुलांमध्ये एकविसावं गुणसूत्र जास्तीचं आणि सुटं असतं, त्यामुळे मोजणी ४७ येते. त्याने आजवर पाहिलेल्या सगळ्या केसेस तशाच होत्या. ४७ म्हणजे डाऊन आणि ४६ म्हणजे नॉर्मल, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. उरलेल्यांत मात्र, एकूण केसेसच्या ३ ते ४ टक्के, अशा असतात की आकडा बरोबर आणि आत तीन एकवीस. मला डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विश्वास होता. ज्यांनी मूल हातात घेऊन पाहिलंय ते एवढं ठामपणे लिहितात, तेव्हा आपल्या ४६ या आकड्यावर आपणच आधी शंका घ्यायची.

मी त्याला खुर्चीवर बसवलं आणि एक चांगली पसरलेली पेशी पडद्यावर घ्यायला लावली. "आता नंबर घ्यायचा नाही, नॉर्मल-अॅबनॉर्मल म्हणायचं नाही. फक्त दिसतंय ते बोलत जा."

मला माझ्या बाईंनी असंच शिकवलं होतं आणि मी अजूनही एकटी असताना पुटपुटत बघते. डोळा घाईत असतो. त्याला ओळखीचं काही दिसलं की तो पुढे सरकतो. तोंडाने वर्णन करायचं म्हटलं की प्रत्येक गुणसूत्रापाशी थांबावं लागतं.

गुणसूत्र जिथे आवळलेलं दिसतं त्या जागेला आम्ही कंबर म्हणतो आणि तिच्या वरच्या-खालच्या भागांना हात. तो बोलू लागला. "मोठी, कंबर मधोमध. ही दोन. त्याहून जराशी लहान, कंबर थोडी वर..." असं करत करत तो मधल्या आकाराच्या घोळक्याशी आला. सहा ते बारा आणि एक्स ही सगळी जवळजवळ सारखी दिसणारी मंडळी. मुलीच्या पेशीत ती १६ असायला हवीत. त्याने १७ मोजली. "मॅडम, बहुतेक एक दोनदा मोजलं."

"असू दे. आता टोकाला कंबर असलेली मोज."

ही गुणसूत्रं दिसायला वेगळीच असतात. वरचा हात जवळजवळ नसतोच, नुसता एक बारीक ठिपका लोंबतो, त्याला आम्ही सॅटेलाइट म्हणतो. तेरा, चौदा, पंधरा ही मध्यम आणि एकवीस, बावीस ही अगदी छोटी. पाच जोड्या, म्हणजे मुलीच्या पेशीत अशी दहा. त्याने मोजली नऊ. पुन्हा मोजली. नऊच.

मधल्या घोळक्यात एक जास्त आणि टोकवाल्यांत एक कमी, म्हणून बेरीज ४६. तो काही न बोलता पडद्याकडे बघत राहिला.

"आता त्या १७ मधलं अनोळखी कोणतं ते शोध."

त्याला वेळ लागला. मी मुद्दाम बोट दाखवलं नाही. शेवटी त्याने एक गुणसूत्र माऊसने ओढून बाजूला घेतलं. लांब हातावर कमरेजवळ गडद पट्टा, मग फिकट भाग आणि खाली शेवटाच्या अलीकडे आणखी एक ठसठशीत गडद पट्टा. ही खूण चौदाची. तेराचे गडद पट्टे खालच्या अर्ध्यात असतात, पंधराचे वरच्या अर्ध्यात आणि चौदाचे दोन्हीकडे. पण चौदाच्या डोक्यावर जिथे नुसता ठिपका हवा तिथे एक आखूड हात उभा होता आणि त्या हातावर कमरेला लागूनच एक जाड काळा पट्टा. एकवीस असंच दिसतं, फक्त इथे ते उलटं, डोक्यावर उभं होतं. बावीस त्याच मापाचं असलं तरी ते फिकट असतं, त्यावर असा काळाभोर पट्टा नसतो.

सुटं चौदा एकच होतं. सुटी एकवीस दोन. तिसरं एकवीस चौदाला चिकटलेलं.

इथे लगेच हुरळून जायचं नसतं. टोकवाल्या गुणसूत्रांना एकमेकांच्या डोक्याला डोकं लावून बसायची सवय असते. त्यांच्या त्या टोकाशी राय्बोसोमल आरएनएची जनुकं असतात आणि ती सगळी मिळून पेशीतलं न्यूक्लिओलस बनवतात, म्हणून विभागणीच्या वेळीही ती जवळजवळ राहतात. स्लाइडवर ही जवळीक हुबेहूब जोडल्यासारखी दिसू शकते. मग फरक कसा करायचा? नुसती जवळ बसलेली असली तर दोघांमध्ये एक बारीक फिकट फट असते, ठिपके दिसतात, दोन कमरा वेगळ्या मोजता येतात आणि पुढच्या पेशीत जोडीदार बदललेले असतात. खरंच जोडलेली असली तर फट नसते, मध्ये एकच चिमटा दिसतो आणि प्रत्येक पेशीत तीच दोघं असतात.

आम्ही वीसच्या वीस पेशी पुन्हा काढल्या. दोन पेशींत एक गुणसूत्र दुसऱ्यावर आडवं पडलं होतं, त्या सोडून नव्या दोन घेतल्या. प्रत्येक पेशीत तेच जोडगुणसूत्र आणि तशीच नऊ टोकवाली. पाच पेशी पूर्ण जोड्या लावून मांडल्या. संध्याकाळी मी डॉक्टरांना फोन केला आणि अहवालात लिहिलं:

```
46,XX,der(14;21)(q10;q10),+21
```

अशा जोडणीला रॉबर्टसोनियन ट्रान्सलोकेशन म्हणतात. रॉबर्टसन यांनी १९१६ मध्ये नाकतोड्यांच्या गुणसूत्रांत ती वर्णन केली होती. दोन टोकवाली गुणसूत्रं कमरेपाशी जुळतात आणि त्यांचे वरचे ठिपके गळून जातात. ठिपके गेल्याने काही बिघडत नाही, कारण तीच जनुकं उरलेल्या आठ टोकांवर असतात. म्हणूनच असं जोडगुणसूत्र एखाद्या धडधाकट माणसात आयुष्यभर निवांत असू शकतं आणि त्याला पत्ताही नसतो.

अहवालाच्या शेवटी आई-वडिलांची तपासणी तातडीने सुचवली होती. दोघं सोमवारीच आले. वडिलांची गुणसूत्रं नेहमीसारखी निघाली. आईच्या स्लाइडीवर तो मुलगा माझ्या आधी बसला होता. मी आत आले तर तो पुटपुटत होता, "टोकवाली आठ... चौदा एक, एकवीस एक, जोडलेलं एक." एकूण ४५. तिच्यात एकवीस दोनच होती, एक सुटं आणि एक चौदाच्या डोक्यावर. माल पूर्ण, गठ्ठे एक कमी.

जनुकतज्ज्ञ डॉक्टरांनी समुपदेशनाला मला चित्र घेऊन बोलावलं. त्या बाईंनी पहिलंच विचारलं, "म्हणजे माझ्यामुळेच ना?" शेजारी सासूबाई बसल्या होत्या. आधी दोन गर्भपात झाल्याचंही तेव्हाच कळलं. डॉक्टर म्हणाले, "हे तुम्ही जन्मताच घेऊन आलात. तुमच्या खाण्याने, कामाने, वयाने झालेलं नाही. वडिलांच्या बाजूनेही येऊ शकलं असतं." मग मी कागदावर तीनच आकृत्या काढल्या: सुटं चौदा, सुटं एकवीस आणि जोडलेलं. यातलं काय काय बीजांडात जाईल यावर सगळं ठरतं. दोन्ही सुटी गेली तर बाळ नेहमीसारखं. नुसतं जोडलेलं गेलं तर आईसारखं, ठणठणीत. जोडलेलं आणि सोबत सुटं एकवीसही गेलं तर मोठ्या मुलीसारखं. बाकीच्या वाटण्यांत गर्भ टिकत नाही आणि त्यांच्या गर्भपातांमागे बहुधा तेच असावं. कागदावर तिन्ही शक्यता सारख्या वाटल्या तरी प्रत्यक्षात आई वाहक असेल तर डाऊनची शक्यता १० ते १५ टक्के असते. वडील वाहक असते तर ती याहून खूपच कमी धरतात.

सासूबाईंनी तो कागद मागून घेतला आणि बराच वेळ पाहिला. "म्हणजे हिच्यात कमी काहीच नाही," त्या म्हणाल्या.

सतराव्या आठवड्यात गर्भजल आलं. त्यातल्या पेशी रक्तासारख्या तीन दिवसांत तयार होत नाहीत, आम्हाला तेरा दिवस लागले. दोन वेगळ्या फ्लास्कमध्ये वाढवतो, म्हणजे एकात कल्चरमुळे काही घोळ झाला तर दुसऱ्यात पडताळता येतो. पीसीपीएनडीटी कायद्यामुळे अहवालात लिंग कळेल असं काहीही जात नाही. चित्रातला शेवटचा चौकोन आम्ही झाकतो आणि सूत्रही लिहीत नाही.

या वेळी मी मागे उभी राहिले. त्याने आकडा सांगितला नाही. "सुटं चौदा एक," तो म्हणाला. थांबला. पेशी मोठी केली. "सुटं एकवीस..." मी श्वास धरला होता, खोटं कशाला सांगू. "एक. एकच आहे, मॅडम. आणि जोडलेलं एक." वीस पेशी, दोन्ही फ्लास्क. मग त्याने मोजलं, ४५.

एक गोष्ट मात्र पट्ट्यांवरून दिसत नाही. बाळाची दोन्ही चौदा आईकडूनच आली असतील तर चित्र असंच दिसेल, पण त्याने वेगळा आजार होतो. क्वचितच घडतं, तरी चौदा जोडलेलं असताना ते पाहावं लागतं. त्यासाठी डीएनए वेगळा पाठवला. तो अहवाल आला तेव्हा एक चौदा आईचं आणि एक वडिलांचं निघालं.

गेल्या आठवड्यात हिरव्या झाकणाची आणखी एक ट्यूब आली. चिठ्ठीवर लिहिलं होतं: वाहक स्त्रीची धाकटी बहीण, वय २४, नुकतंच लग्न. कल्चर त्यानेच लावलंय. गुरुवारी स्लाइडी होतील.