पहिल्या स्वाध्यायापर्यंतचे आठवडे

मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर संमंत्रक म्हणून काम करताना एक गोष्ट माझ्या पक्की लक्षात आली आहे. नोकरी करून पदवी घेणारे विद्यार्थी परीक्षेत नापास होऊन गळतात त्याहून जास्त परीक्षेच्या कितीतरी आधीच गळतात. प्रवेश होतो, पुस्तकांचा गठ्ठा घरी येतो आणि पुढे काहीच घडत नाही. 'सोडलं' असं कुणी सांगायला येत नाही. पहिला स्वाध्याय येत नाही, एवढंच.

कारण विचारलं की 'वेळ मिळाला नाही' हेच उत्तर मिळतं. ते खरंही असतं. पण वेळ मिळणार नाही हे प्रवेशाच्या दिवशीच दिसू शकलं असतं, म्हणून मी सुरुवात तासांच्या हिशोबापासून करतो. आपल्याकडच्या मुक्त विद्यापीठांत एक श्रेयांक म्हणजे साधारण ३० तासांचा अभ्यास. त्यात वाचन, स्वाध्याय, संपर्क सत्र सगळं आलं. समजा एखादीने एका सत्रात चार श्रेयांकांचे चार विषय घेतले. झाले ४८० तास. परीक्षेआधी हातात २० आठवडे असतील, तर आठवड्याला २४ तास. मग तिला एका सामान्य आठवड्याचं वेळापत्रक लिहायला सांगतो. सणासुदीचा किंवा सुट्टीचा आठवडा नको. कामावरून साडेसहाला घरी, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास. रोज रात्री एक तास आणि रविवारी पाच, असे अकरा तास कसेबसे निघतात. म्हणजे अर्ध्याहून जास्त अभ्यासाला जागाच नाही, आणि दोष मात्र ती स्वतःच्या आळसाला देत बसते.

यावर 'पहाटे चारला उठा' हा सल्ला मी देत नाही. तो फार दिवस टिकत नाही. विषय विभागणं हा खरा उपाय. इग्नूसारख्या विद्यापीठात तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत पूर्ण करता येते, आणि परीक्षा जून व डिसेंबर अशा वर्षातून दोनदा होतात. ज्या विषयांची तयारी झाली तेवढ्यांचाच परीक्षा अर्ज भरता येतो. दोन विषय म्हणजे २४० तास, आठवड्याला १२. अकरा तासांच्या आठवड्यात हे ओढूनताणून का होईना बसतं. पदवी लांबते, हे मात्र घरच्यांना आधीच सांगून ठेवावं लागतं.

दुसरी अडचण स्वाध्यायाची. इग्नूच्या बऱ्याच पदव्यांत अंतिम गुणांत स्वाध्यायाचा वाटा ३० टक्के आणि लेखी परीक्षेचा ७० टक्के असतो, आणि दोन्हींत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावं लागतं. विद्यार्थी आधी सगळं पुस्तक वाचून मग लिहू म्हणतात, आणि तिथेच अडकतात. मी उलटं करायला सांगतो: आधी स्वाध्यायाचे प्रश्न वाचा, त्यातला सर्वांत सोपा निवडा, तो ज्या घटकातला आहे तेवढाच घटक वाचा आणि त्याच आठवड्यात उत्तर लिहून काढा. प्रश्नपत्रिका चालू सत्राचीच आहे ना, हे वरच्या ओळीत बघून घ्या. मागच्या वर्षीचे प्रश्न सोडवून आणलेली वही स्वीकारली जात नाही, आणि वीस पानं वाया गेल्यावर माणूस पुन्हा पेन उचलत नाही.

पुढचा भाग आमचा, आणि तिथे केंद्रंच जास्त कमी पडतात. तपासलेली वही दोन महिन्यांनी परत आली तर तिचा उपयोग शून्य. तोवर विद्यार्थी पुढच्या घटकावर गेलेला असतो, नाहीतर गेलेलाच असतो. नॉर्वेत टोरस्टाइन रेकेडाल यांनी पत्रद्वारा शिक्षणात याचा प्रयोग केला होता. ज्यांचे स्वाध्याय लवकर तपासून परत गेले, त्यांच्यात अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण जास्त निघालं. म्हणून पहिली वही मी आठवड्यात परत देतो. शेरा 'ठीक' किंवा 'अधिक विस्तार हवा' एवढाच असेल तर त्यातून काही कळत नाही. 'दुसऱ्या परिच्छेदात व्याख्या दिली आहे, आता तिला एक उदाहरण जोडा' असं लिहिलं की पुढच्या उत्तरात फरक दिसतो.

फोनची वेळही महत्त्वाची. स्वाध्यायाची तारीख उलटून गेल्यावर केलेला फोन वसुलीचा वाटतो आणि उचललाही जात नाही. मी पुस्तकं मिळाल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात फोन करतो आणि एकच प्रश्न विचारतो: कोणता घटक उघडलात? 'अजून पाहतोय' असं उत्तर आलं की समजावं, पुस्तकांच्या गठ्ठ्याची दोरीही सुटलेली नाही. अशा विद्यार्थ्याला संपर्क सत्राचं आमंत्रण देऊन भागत नाही, कारण काहीच न वाचता वर्गात बसायची त्याला लाज वाटते. त्याला फोनवरच एक घटक आणि एक प्रश्न ठरवून द्यायचा, आणि पुढच्या फोनचा वार सांगून ठेवायचा.

काहींना मात्र खरोखरच थांबावं लागतं: बदली, आजारपण, घरातलं दुखणं. त्यांना मी एवढंच तपासायला सांगतो की कमाल मुदत कधी संपते आणि तोवर कोणते विषय उत्तीर्ण झाले आहेत. मुदतीच्या आत परतल्यास ते विषय पुन्हा द्यावे लागत नाहीत. राहिलेल्या स्वाध्यायांचे प्रश्न तेवढे नव्या सत्राचे घ्यावे लागतात.